मान्सूनची ठाम बातमी: नवशिक्या उपसंपादकांसाठी सोपे मार्गदर्शन

अभिनंदन. तुम्ही डेस्कवर रुजू झाला आहात, एप्रिल चालू आहे, आणि मुख्य उपसंपादकांनी हवामान खात्याचे पत्रक व त्यावरून वार्ताहराने लिहिलेली कॉपी तुमच्यापुढे सरकवून "जरा दणदणीत मथळा काढ" असे फर्मावले आहे. घाबरू नका. पत्रक न वाचताही त्याची चार कॉलमी बातमी होते. खाली दिलेल्या पायऱ्या तेवढ्या क्रमाने पाळा. सरावासाठी २०२३ चा पावसाळा घेऊ. तो होऊन गेला आहे, त्यामुळे त्याचे पुढे काय झाले हे आपल्याला ठाऊक आहे. छापताना ही चैन कुणालाच नसते, म्हणूनच तर ठामपणा लागतो.

१. एकच आकडा उचला आणि त्याच्या आजूबाजूचे सगळे झाडून टाका.

११ एप्रिल २०२३ रोजी खात्याने सांगितले की जून ते सप्टेंबर या काळात देशभरात मिळून दीर्घकालीन सरासरीच्या ९६ टक्के पाऊस अपेक्षित आहे आणि त्यात पाच टक्क्यांची कमी-जास्त चूक धरावी. ही सरासरी ८७ सेंटिमीटरची, १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून काढलेली. यातले तुमच्या कामाचे फक्त "९६". पाच टक्क्यांचा तुकडा ठेवलात तर वाचकाला कळेल की खाते प्रत्यक्षात ९१ ते १०१ असा पट्टा सांगत आहे, आणि पट्ट्याला मथळा बसत नाही. शिवाय ± हे चिन्ह फाँट बदलताना चौकोन होऊन बसते. एवढे तांत्रिक कारण हाताशी असताना वेगळी सबब शोधण्याची गरज नाही.

२. "सर्वसाधारण" शब्दावर ताव मारा, तक्त्याकडे पाहू नका.

खात्याच्या वर्गवारीत ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे सर्वसाधारण. ९६ हा त्यातला सगळ्यात खालचा आकडा. एका टक्क्याने घसरला की वर्ग बदलतो. तुमच्या वार्ताहराने मात्र "यंदा पाऊसमान समाधानकारक, बळीराजा सुखावला" असे लिहून दिले आहे. वाक्य झोकदार आहे. बळीराजा एप्रिलमध्ये सुखावला हे त्याला कुणी सांगितले, असे विचारून त्याचे मन मोडू नका; तो बिचारा प्रेस क्लबमधून फोनवर बातमी देत होता.

धोका आहे तो पत्रकाच्या पुढच्या भागातल्या छोट्या तक्त्याचा. तिथे पाचही वर्गांची शक्यता वेगवेगळी दिलेली असते. २०२३ च्या तक्त्यात ९० टक्क्यांहून कमी, म्हणजे अपुऱ्या पावसाची शक्यता २२ टक्के होती. ९० ते ९५, म्हणजे सर्वसाधारणपेक्षा कमी पावसाची २९. सर्वसाधारणची ३५, त्याहून जास्तची ११ आणि अतिरिक्त पावसाची ३. पाचांत ३५ सर्वांत मोठा, म्हणून "सर्वसाधारण" म्हणायला आधार मिळाला. पण पहिल्या दोन ओळींची बेरीज करण्याची दुर्बुद्धी कुणाला झाली तर ती ५१ येते. म्हणजे ज्या पत्रकावर तुम्ही "सर्वसाधारण मान्सून" लिहिणार आहात, तेच पत्रक सांगत होते की सर्वसाधारणपेक्षा कमी पाऊस होण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त आहे. शेजारच्या रकान्यात एरवीच्या वर्षांतली शक्यताही असते. पहिल्या दोन वर्गांची मिळून एरवीची शक्यता ३३, ती त्या वर्षी ५१ झाली. सर्वसाधारणची एरवी ३३, ती ३५. हलले काय आणि जागेवर राहिले काय, हे एका नजरेत दिसते. म्हणून नजर टाकू नका.

एखादा आगाऊ सहकारी सुचवेल की बातमी अशी लिहू: "पाऊस सरासरीच्या आसपास राहील, मात्र तो सरासरीपेक्षा कमी पडण्याचा धोका यंदा नेहमीपेक्षा बराच जास्त आहे." त्याला हाकलून द्या. हे वाक्य मुळमुळीतही नाही, त्यामुळे त्याच्यावर गुळमुळीतपणाचा आरोपसुद्धा करता येत नाही. धोका वाढला आहे हे ते ठासून सांगते आणि पावसाचा नेमका आकडा तेवढा मोकळा सोडते.

हाच सहकारी आणखी एक खोडसाळ युक्ती शिकवेल, तिच्यापासून सावध राहा. कॉपीतल्या प्रत्येक ठाम शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि तो पत्रकातल्या कोणत्या ओळीवर उभा आहे ते समासात लिहायचे. "बरसणार" ला ओळ सापडत नाही. "सुखावला" ला सापडत नाही. "एल निनोचे सावट टळले" ला तर उलटी ओळ सापडते, कारण पावसाळ्यात एल निनो तयार होण्याची शक्यता पत्रकातच लिहिलेली होती. अशा रीतीने अर्धी कॉपी गळते आणि पानावर भोक पडते. जाहिरात विभागाला रात्री नऊ वाजता काय तोंड दाखवणार?

३. देशाचा आकडा वाचकाच्या बांधावर नेऊन टाका.

९६ टक्के हा साऱ्या देशाचा चार महिन्यांचा आकडा. तो कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या आठवड्यात पडेल यावर त्यात अक्षरही नाही. "पेरणीला अनुकूल", "धरणे तुडुंब भरणार" ही वाक्ये म्हणून मोकळ्या मनाने जोडा. खोडायलाही तिथे काही नाही. २०२३ मध्ये देशात जूनला सरासरीच्या ९१ टक्के पाऊस झाला, जुलैला ११३, सप्टेंबरलाही ११३. मधला ऑगस्ट ६४ टक्के, म्हणजे १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. ऐन फुलोऱ्यात सोयाबीन माना टाकत असताना चार महिन्यांची बेरीज कशी बरी दिसते हे शेतकऱ्याला समजावून सांगा. तो ऐकून घेईल, त्याला सवय आहे.

४. "दाखल" झाला की सुटा.

मान्सून केरळात नेहमी १ जूनच्या सुमारास येतो. २०२३ साली खात्याने ४ जून सांगितला, चार दिवस मागेपुढे धरून. तुम्ही अर्थात "४ जूनला मान्सून" एवढेच छापले. ५ जूनला "मान्सून लांबला", ६ ला "मान्सूनची हुलकावणी" आणि ७ ला "खात्याचा अंदाज फसला" अशी तीन दिवसांची बेगमी झाली. ८ जूनला तो आला. चार अधिक चार आठ. या बेरजेची बातमी होत नाही.

११ जूनला तो कोकणात पोचला. "मान्सून महाराष्ट्रात दाखल" हा मथळा शंभर टक्के खरा होता, आणि खऱ्या मथळ्याने जेवढी दिशाभूल करता येते तेवढी खोट्याने येत नाही. रत्नागिरीच्या आसपास पोचून तो तिथेच अडला. बिपरजॉय चक्रीवादळ बाष्प ओढून गुजरातकडे निघाले होते. मुंबईत ११ जूनला अपेक्षित असलेला पाऊस २५ जूनला आला, तोही दिल्लीत पोचला त्याच दिवशी. आतल्या जिल्ह्यांत त्या दोन आठवड्यांत आभाळाकडे पाहणे चालू होते.

इथे तुम्हाला मोह होईल की एखादे खरोखर ठाम वाक्य लिहावे. कृषी विभाग दरवर्षी सांगतो: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. यात "कदाचित" नाही आणि ते असण्याची गरजही नाही, कारण पाऊस कधी येईल हे न सांगता तो आल्यावर काय करायचे तेवढे ते सांगते. दुबार पेरणीचे बियाणे ज्याच्या खिशातून जाते, त्याला सगळ्या पानात उपयोगी असे हे एकच वाक्य. म्हणून ते शेवटच्या परिच्छेदात ठेवा. पान लावताना तो परिच्छेद कापला जातोच.

५. रोजच्या इशाऱ्यातले "तुरळक ठिकाणी" आधी उडवा.

तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी फार तर एक चतुर्थांश. "कोकणात तुरळक ठिकाणी अतिमुसळधार" यातून दोन शब्द गेले की संपूर्ण कोकण पाण्याखाली जाते आणि अंकाची विक्री वाढते. दुसऱ्या दिवशी कणकवलीत ऊन पडले तर लोक खात्याला शिव्या घालतात, तुम्हाला नाही. यापेक्षा सुरक्षित नोकरी दुसरी नाही.

६. घडून गेलेल्या गोष्टीबाबत मात्र फार जपून लिहा.

भविष्याबद्दल एवढा ठामपणा दाखवल्यावर तोल साधायला हवा. जे मोजून झाले आहे त्याला "समजते", "बोलले जाते", "असल्याचे सांगण्यात आले" अशी शेपूट लावा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७४. ही नोंद आहे, अंदाज नव्हे. ती सरळ "पडला" म्हणून लिहिता येते, आणि त्या दोन आकड्यांसमोर "मुंबईत पाऊस" हे शब्द किती अपुरे आहेत तेही कळते. तुम्ही "मुंबईत काही भागांत मोठा पाऊस झाल्याची शक्यता नाकारता येत नाही" असे लिहा. शक्यता नाकारता न येणे ही आपल्या धंद्यातली एकमेव न चुकणारी भविष्यवाणी आहे. गारपिटीपासून धूमकेतूपर्यंत कुठेही चालते.

७. ऑक्टोबरमध्ये खात्याला झोडपा.

हंगाम ३० सप्टेंबरला संपतो. २०२३ चा हिशेब ९४ टक्क्यांवर थांबला. "सर्वसाधारण म्हणाले आणि कमी पडला, हवामान खाते पुन्हा तोंडघशी" हा मथळा जूनपासूनच जुळवून ठेवलेला बरा. ९४ हा आकडा ९१ ते १०१ च्या आत बसतो, आणि ५१ टक्के शक्यता ज्या बाजूला होती त्याच बाजूला पडला आहे, असे पत्र एखादे निवृत्त शिक्षक पाठवतील. ते वाचकांच्या पत्रव्यवहारात छापा, थोडे कापून. आणि एप्रिलचे ते पत्रक अजून तुमच्या खणात असेल, तर आधी ते रद्दीत टाका.