अनामत रकमेचे माहात्म्य

केजहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पहिल्या नोकरीसाठी पुण्यास निघालेल्या तरुणाच्या मनात जी धाकधूक आणि जी आशा असते, तिची यथोचित कदर केवळ पुण्याचा घरमालकच करू जाणे. पहिला पगार महिनाअखेरीस पडावयाचा असल्याने तत्पूर्वीच काही महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत आणि वर दलाली घेऊन त्यास उधळपट्टीच्या मोहातून मुक्त केले जाते.

करारनामा अकरा महिन्यांचा. कारण वर्षाच्या आतील दस्तास नोंदणी लागत नाही, ही सनातन श्रद्धा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 अन्वये मुदत कितीही असो, करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, ती जबाबदारी मालकाची, आणि असा दस्त नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य. तथापि असल्या क्षुल्लक तपशिलाने श्रद्धेस बाध येऊ नये, हेच इष्ट.

आमची नम्र सूचना एवढीच की, ही अनामत बारशाच्या दिवशीच वसूल करावी, म्हणजे बालकावर पाळण्यातच काटकसरीचे संस्कार होतील.

याच केज तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघणाऱ्या कोयत्यास मुकादम निघण्यापूर्वीच पैसे मोजतो. पदवी मिळताच हा गैरप्रकार थांबतो, ही शिक्षणाची मोठीच कमाई. जन्मभर ऊस तोडलेले वडील मात्र नेमणुकीचे पत्र उलटसुलट पाहून विचारतात, “उचल किती दिली रं?”