आत्या ‘दर वर्षी’ रिपीट होत नाही

आमच्या आत्याचे वाढदिवस दोन. सरकारी वाढदिवस १ जूनला. तिला शाळेत घालताना आजोबांना तारीख आठवेना, तेव्हा गुरुजींनी पाचवं वर्ष मोजून आपल्या हाताने १ जून लिहून टाकली. त्या काळच्या निम्म्या महाराष्ट्राचा जन्म असा शाळेच्या रजिस्टरात झालेला आहे. बँकेचा शुभेच्छांचा मेसेज या तारखेला येतो आणि आत्या तो न वाचता पुसते. खरा वाढदिवस ज्येष्ठ पौर्णिमेचा. म्हणजे वटपौर्णिमा का? तर नाही, आणि घोळ तिथेच आहे.

२०२३ साली तिची पंच्याहत्तरी झाली. माझा धाकटा भाऊ सॅन होजेहून खास आला होता. समारंभ ४ जूनला झाला, श्रीखंड-पुरी झाली आणि भावाने आत्याच्या देखत फोन काढून ‘आत्या वाढदिवस, ४ जून, दर वर्षी’ अशी आठवण लावली. संगणकवाला माणूस. ‘दर वर्षी’वर त्याची श्रद्धा आहे.

पुढच्या वर्षीच्या ४ जूनला सबंध देश टीव्हीसमोर बसून लोकसभेची मतमोजणी पाहत होता. ऐन भरात फोन वाजला आणि भाऊ म्हणाला, “आत्या, अभिनंदन!” आत्या म्हणाली, “अरे, कोणाचं? अजून फेऱ्या चालल्यात.” वाढदिवसाचं म्हणतोय हे कळल्यावर तिने कालनिर्णयकडे एकदा पाहिलं आणि थंडपणे सांगितलं, “आज वैशाख वद्य त्रयोदशी आहे. माझा जन्म व्हायला अजून अठरा दिवस आहेत.”

हे अठरा दिवस कुठून आले? बारा चांद्रमहिने मिळून साधारण ३५४ दिवस होतात. म्हणजे तिथी दर वर्षी इंग्रजी तारखेच्या अकराएक दिवस आधी येते. असंच चालू दिलं असतं तर दिवाळी कधीतरी भर पावसात आली असती. म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालतात आणि त्यानंतर तिथी एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे जाते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, त्यामुळे आत्या ४ जूनवरून २२ जूनला गेली. २०२५ ला ती अकरा दिवस मागे, ११ जूनला आली. सासरी निघालेल्या माणसासारखी ती दोन पावलं मागे आणि एक ढांग पुढे अशी जूनभर हिंडत असते. फोनला हे चालणं समजत नाही. काही फोनांत चिनी पंचांगाप्रमाणे वाढदिवस लावायची सोय आहे. म्हणजे शांघायच्या आत्यांची व्यवस्था झाली.

भावाने मग हट्टाने तिथीवर चालणारं एक ॲप शोधलं आणि त्यात ‘ज्येष्ठ पौर्णिमा’ घातलं. ॲपने २०२४ साठी २१ जून सांगितली, कारण त्या दिवशी वटपौर्णिमा होती. त्याने २१ ला फोन केला. आत्या वडाला फेऱ्या मारून, उपाशी, फणसाचे गरे समोर ठेवून बसलेली. “वाढदिवस उद्या,” ती म्हणाली.

आता इथे आत्याचं शास्त्र ऐकण्यासारखं आहे, आणि ते बरोबर आहे हे जास्त त्रासदायक. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यात बारा अंशांचं अंतर वाढायला लागणारा वेळ. चंद्राचा वेग सारखा नसल्याने हा वेळ कधी एकोणीस-वीस तास होतो, तर कधी सव्वीसपर्यंत जातो. तिथी मध्यरात्री बदलत नाही, वाटेल तेव्हा बदलते. २०२४ ची ती पौर्णिमा २१ तारखेला सकाळी साडेसातला लागली आणि २२ ला सकाळी साडेसहाच्या पुढे संपली. वटसावित्रीच्या व्रताला चतुर्दशीला लागून आलेली पौर्णिमा घेतात, म्हणून वड २१ ला. वाढदिवसाला मात्र सूर्योदयाची तिथी धरायची, आणि पौर्णिमेने सूर्योदय पाहिला तो २२ चा, जेमतेम अर्धा तास. श्राद्धाची तिथी अपराह्णाला, म्हणजे दुपारनंतर, असेल ती. थोडक्यात, हयात माणसांना सकाळ आणि पितरांना दुपार. एकाच घरात एकाच तिथीला दोघांची आठवण लावायची तर दोन वेगळ्या तारखा निघू शकतात.

या शास्त्रामागे एक खासगी कारणही आहे असा मला संशय आहे. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी तिन्ही वर्षं उपास आदल्या दिवशी आणि वाढदिवस दुसऱ्या दिवशी आला. सात जन्मांचं काम एका दिवशी उरकायचं, दुसऱ्या दिवशी श्रीखंड. काका तर उघड म्हणतात, “हिला तिथीचं प्रेम नाही, पारण्याचं आहे.”

भावाची पुढची अडचण भूगोलाची. पौर्णिमा लागते ती साऱ्या जगाला एकाच क्षणी, पण सूर्योदय ज्याचा त्याचा. २०२४ च्या त्या पौर्णिमेने कॅलिफोर्नियात सूर्योदय पाहिला तो २१ जूनचा. म्हणजे ॲपने आपलं गाव सॅन होजे धरलं असतं, तरी तारीख २१ च आली असती आणि तीही नियमाने. आत्याच्या वाढदिवसाला आत्याच्या गावचा सूर्य लागतो. गाव बदलायची सोय बहुतेक ॲपांत असते, पण ती सापडायला घरात एक नातू लागतो.

यंदा, २०२६ मध्ये, तर कहरच आहे, कारण ज्येष्ठच अधिक आला. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, त्यानंतर निज. म्हणजे ज्येष्ठ पौर्णिमा दोन. अधिकातली ३१ मेला आणि निजातली २९ जूनला. व्रत आणि वाढदिवस निजात धरायचे. अधिकात फक्त जावयाचं वाण, अनारसे आणि त्यावरचे रुसवेफुगवे. पण ॲपला ‘निज’ असं वेगळं सांगितलं नाही, तर ते पहिली पौर्णिमा दिसताच घंटा वाजवणार.

तेव्हा यंदाचा कार्यक्रम असा दिसतो. ३१ मेला ॲप वाजेल. १ जूनला बँक शुभेच्छा देईल. ४ जूनला भावाची जुनी ‘दर वर्षी’ची आठवण वाजेल, कारण ती त्याने अजून काढलेली नाही. आणि महिनाअखेरीस आत्या प्रत्यक्ष जन्माला येईल.

त्यातही यंदा पौर्णिमा २९ जूनला पहाटे तीनच्या सुमारास लागते आणि ३० ला सूर्योदयाच्या आधी संपते. उपास आणि वाढदिवस एकाच दिवशी. आत्याने हे पाडव्याला नवं पंचांग आणल्याबरोबर पाहिलं आणि दोन दिवस कोणाशी नीट बोलली नाही. मग तोडगा काढला, “औक्षण २९ ला, जेवण ३० ला.”

“३० ला तर सूर्योदयाला प्रतिपदा आहे,” काकांनी पंचांगात बोट ठेवून सांगितलं.

“श्रीखंडाला तिथी लागत नाही,” आत्या म्हणाली.

घरात कोणी तिथीवाले असतील तर एवढं करा. फोनमधली ‘दर वर्षी’ची खूण काढा. पाडव्याला पंचांग आलं की त्यांच्याशेजारी बसून, अधिक की निज आणि सूर्योदयाला कोणती तिथी हे त्यांनाच विचारून, त्या एका वर्षाची तारीख हाताने घाला. पुढच्या पाडव्याला पुन्हा. आणि यंदा आमच्या आत्याला फोन करणार असाल, तर सोमवार, २९ जून. जेवायला येणार असाल, तर मंगळवार.