हेक्साकॉप्टर बांधायचंय? आधी काटा आणा

आमच्या कोंढा गावात धान गर्भात आलं की तुडतुड्याच्या गोष्टी सुरू होतात आणि त्यामागोमाग ड्रोनच्या. पाठीवर पंप बांधून चिखलाच्या बांधीत उतरण्यापेक्षा धुऱ्यावर उभं राहून फवारणी करावी, हे कोणालाही पटतं. ही मार्गदर्शिका त्या नवशिक्यासाठी आहे, ज्याने मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले आणि लगेच बॅटरीची ऑर्डर देऊन टाकली.

बॅटरी आली का? छान. ती कोपऱ्यात ठेवा, तिचा नंबर शेवटी लागणार आहे.

पायरी पहिली: वजनकाटा आणा. धान मोजायचा चालेल. हेक्साकॉप्टरचं वजन वरातीच्या जीपसारखं वाढतं. जो येतो तो म्हणतो, मी काय, एवढासाच आहे. आपल्या यंत्रात फ्रेम, पाय, टाकी, पंप आणि नोझल मिळून ५.२ किलो झाले. मोटर, तिचा ईएससी आणि पंखा असा एक जोड ८०० ग्रॅमचा, म्हणजे सहांचे ४.८ किलो. कंट्रोलर, जीपीएस आणि वायरी यांचा एक किलो. इथवर ११ किलो. बॅटरी ४.५ किलोची, म्हणजे १५.५. वरून दहा लिटर औषधपाणी. बेरीज २५.५ किलो.

इथे नवशिका खूश होतो आणि जाणता कपाळाला हात लावतो. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे भरलेल्या वजनासह २५ किलोपर्यंतचं यंत्र ‘स्मॉल’ वर्गात बसतं. त्याच्या वर गेलं की ‘मीडियम’, आणि कागदपत्रांची गोष्टच वेगळी. तेव्हा दहा लिटरच्या टाकीत नऊ लिटर भरायचं. एकूण २४.५ किलो. आता हाच आकडा धरून पुढे चला. मध्येच कॅमेरा लावावासा वाटला, तर पाणी काढा.

पायरी दुसरी: मोटर आणि पंखा. हे दोघं एकत्रच निवडायचे, एक आधी आणि एक नंतर असं नाही. मोटरवर १८० केव्ही लिहिलेलं असतं. हे किलोव्होल्ट नव्हेत. एका व्होल्टला मोटर बिनभाराची मिनिटाला किती फेरे घेईल, तो हा आकडा. बारा सेलच्या बॅटरीचे ४४.४ व्होल्ट धरले तर सुमारे ८,००० फेरे. मोटरसायकलच्या सीसीसारखा जास्त केव्हीचा माल भारी समजून घेतला आणि त्यावर २४ इंची पंखा चढवला, तर नांगराला वासरू जुंपल्यासारखं होतं. फरक इतकाच की वासरू थांबतं, मोटर जळते. मोठ्या पंख्याला कमी केव्ही लागतो.

मोटरसोबत बनवणाऱ्याचा तक्ता येतो. त्यात शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं, कमाल थ्रस्ट १२ किलो. माझ्या भाच्याने लगेच गुणाकार केला: ‘सहा बारं बहात्तर. मामाजी, हे तर तुम्हालेही उचलते जी!’ उचलेल, फार थोडा वेळ. शेवटच्या ओळीवर मोटर तापते आणि ग्रॅमामागे वीज सर्वांत जास्त खाते. आपली ओळ वेगळी आहे. २४.५ भागिले सहा, म्हणजे एका मोटरवर ४.१ किलो. तक्त्यात तीच ओळ शोधा आणि एका वॉटमागे किती ग्रॅम उचलले जातात ते पाहा. २४ इंची पंख्याला इथे ८ ग्रॅमच्या आसपास मिळतात.

मग ७२ किलोंचं करायचं काय? ती शिल्लक आहे. भरलेल्या वजनाच्या दुप्पट थ्रस्ट हवाच, वाऱ्याचा झोत आणि वळणं त्यातच सांभाळली जातात. आपली शिल्लक २.९ पट आहे. एक मोटर बंद पडली, तर तोल राखायला कंट्रोलर समोरचीही जवळजवळ थांबवतो. भार चौघींवर येतो, प्रत्येकीवर ६.१ किलो. हेक्सा तेव्हा भोवऱ्यासारखा फिरेल, पण खाली आणता येईल. चार मोटरींचं यंत्र अशा वेळी सरळ उलटतं.

पायरी तिसरी: फ्रेम. इथे सातवीची कंपासपेटी काढा. वर्तुळाची त्रिज्या तेवढीच ठेवून परिघावर खुणा केल्या, तर बरोबर सहा बसतात. म्हणून हेक्सामध्ये शेजारच्या दोन मोटरींमधलं अंतर दांड्याच्या लांबीइतकंच असतं. २४ इंच म्हणजे ६१० मिलिमीटर. दांडा ७०० चा घेतला, तर दोन पंख्यांच्या टोकांमध्ये ९० मिलिमीटर उरतात. तिरपं माप १,४०० मिलिमीटर. दुकानदार हजाराच्या फ्रेमवर ‘बसून जाते’ म्हणाला, तर ५०० मिलिमीटरच्या अंतरात ६१० चे पंखे कसे फिरतील, एवढंच त्याला विचारा.

आता कोपऱ्यातली बॅटरी उचला. १६ अँपिअर-तास गुणिले ४४.४ व्होल्ट, म्हणजे ७१० वॉट-तास. त्यातले २० टक्के कधीच वापरायचे नाहीत, नाहीतर सेल फुगतात. राहिले ५६८. खर्च किती? २४,५०० ग्रॅम भागिले ८, म्हणजे ३,०६० वॉट. पंप आणि बाकीची उपकरणं धरून ३,१५०. ५६८ भागिले ३,१५०, गुणिले ६०. उत्तर ११ मिनिटं, तेही थोडी कमीच.

एवढीच? हो. इथे प्रत्येक नवशिका दुसरी बॅटरी जोडायला धावतो. जोडा. वजन २९ किलो होतं. वीज मात्र वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, वजनाच्या दीड घाताने वाढते, म्हणून वजन १.१८ पट झालं की वीज १.२९ पट लागते. बॅटरी दुप्पट, वेळ १७ मिनिटं, आणि ‘स्मॉल’ वर्गही गेला.

हाच नियम उलटा आपल्या कामी येतो. टाकी रिकामी होत जाते तसं यंत्र हलकं होतं. १५.५ किलोला वीज निम्मीच लागते. सात मिनिटांत नऊ लिटर फवारले, तर खर्च सुमारे २७५ वॉट-तास. दोन टाक्यांचे ५५०, आणि आपल्याकडे ५६८. कागदावर जमतं. चढणं, परत येणं आणि वारा धरला की जमत नाही. गेल्या हंगामात मी ते जमवायला गेलो, आणि यंत्र दुसऱ्याच्या बांधीत, रोवणीच्या ओळीत उतरवावं लागलं. त्या शेजाऱ्याला दीड घाताचा नियम समजावून पाहिला. त्याने फक्त धान किती मोडलं ते मोजलं.

हिशेब खरा की खोटा, हे साधं पाणी भरून कळतं. भरलेल्या टाकीने एका जागी तरंगताना थ्रॉटल ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास असला तर ठीक. ६५ च्या वर गेला तर वजन कुठेतरी लपलंय, पुन्हा काट्यावर चढवा. उतरल्यावर सहाही मोटरींना बोट लावा. एकच चटका देत असेल तर तिचा पंखा किंवा दांडा वाकडा आहे. सगळ्याच देत असतील तर हावरेपणा झालाय.

ही घरची जुळणी पाणी उडवून शिकण्यापुरतीच. शेतात औषध फवारायचं तर टाइप सर्टिफिकेट मिळालेलं यंत्र आणि चालवणाऱ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट हवं.

राहता राहिलं चार्जिंग. ही बॅटरी १६ अँपिअरने भरली तर तासभर लागतो, आणि गरम असताना लावायची नाही, म्हणजे आणखी वाट पाहा. आणि वीज गेलेली असेल तर जनरेटरही शोधा. एका टाकीला एक बॅटरी, हा धडा बांधीत शिकून झालाय. तेव्हा बॅटऱ्या चार घ्या.