टाकीचं झाकण

माझी पहिली तक्रार झाकणाबद्दल आहे. आमच्या खांडबाऱ्यात बाजाराच्या बाजूला एखाद्या स्लॅबच्या घरावर चढून आजूबाजूच्या गच्च्या बघा. काळ्या प्लास्टिकच्या टाक्या भरपूर दिसतील, पण आटे फिरवून नीट बसवलेलं मूळ झाकण शोधावं लागेल. कुठे पत्र्याचा तुकडा आणि त्यावर वीट, कुठे सुतळीने बांधलेलं जुनं फ्लेक्स. मूळ झाकण वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात शेजारच्या कौलांवर गेलेलं असतं आणि ते उतरवायला कोणी गेलेलं नसतं. तीच माणसं नळाला शेवाळाचा वास येतो म्हणून ग्रामपंचायतीच्या नावाने खडे फोडतात, याचा मला मनापासून राग येतो.

टाकी काळी असते ती ऊन आत जाऊ नये म्हणून. शेवाळ उजेडावर जगतं. बंद काळ्या टाकीत त्याला उजेड मिळत नाही, म्हणून ते वाढत नाही. पत्रा चार बोटं सरकला की उजेडाची एक पट्टी आत पडते आणि तेवढ्याच पट्टीत भिंत हिरवी होते. आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडून येतो, त्यामुळे ती हिरवळ बहुधा उत्तरेच्या भिंतीवर सापडते. टॉर्च घेऊन बघा. बोट लावलं की बुळबुळीत थर निघतो, आणि बोटाला मातकट, कुंद वास येतो. काही जातींचं शेवाळ हा वास पाण्यात सोडतं. पाणी उकळून जंतू मरतात, पण वास जाईलच असं नाही.

दुसरी तक्रार त्यांच्याबद्दल, जे हिरवं दिसल्यावर घाईघाईने झाकण लावतात आणि मोकळे होतात. अंधारात शेवाळ मरतं, पण नाहीसं होत नाही. ते सुटून तळाला बसतं आणि तिथे कुजतं. तळाशी आधीच धूळ असते. उन्हाळ्यातली वाऱ्याची, तूर झोडतात त्या दिवसांतल्या भुशाची, शिवाय बोअरच्या पाण्याबरोबर आलेली बारीक माती. आमचा भाग काळ्या पाषाणाचा, पाणी बहुतेक ठिकाणी जड. गच्चीवर उन्हात ते तापलं की त्यातला क्षार पांढरा होऊन भिंतीला आणि तळाला धरतो. कुजकं शेवाळ, माती आणि क्षार मिळून जो करडा, लिबलिबीत गाळ होतो, तो पाण्यातल्या क्लोरिनचा शत्रू आहे.

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो. नळापर्यंत पाणी पोचताना लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक राहिलं पाहिजे, तरच वाटेत शिरलेल्या जंतूंशी ते लढू शकतं. पण क्लोरिनला जंतू आणि कुजका पाला यांतला फरक कळत नाही. सेंद्रिय गाळ समोर आला की ते त्याच्यावर खर्च होतं. रस्त्यावरच्या नळाला ओटीचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं होतं, आणि त्याच घरातल्या स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी पांढरंच राहतं, ते यामुळे. मग घरचे म्हणतात, पंचायतीने औषध टाकलंच नाही. टाकलेलं असतं, ते तुमच्या टाकीने खाल्लेलं असतं.

गाळ टाकीचा की बोअरचा, हे ओळखणं अवघड नाही. एक स्टीलचं पातेलं टाकीत पडणाऱ्या पाण्याने भरा, दुसरं स्वयंपाकघरातल्या नळाने, आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी दुसऱ्याच्याच तळाशी पूड बसलेली असेल तर दोष टाकीचा. आणखी एक खूण म्हणजे सकाळी नळ स्वच्छ येतो, आणि टाकी तळाला गेलेली असताना मोटर सुरू केली की लगेच गढूळ होतो. वरून पडणारी धार तळ ढवळते, एवढंच त्याचं कारण.

आता प्लंबरबद्दल. हजार लिटरच्या गोल टाकीचा व्यास साधारण 1.1 मीटर धरा. घरात जाणारा पाइप तळापासून 5 सेंटिमीटर वर असतो, गाळ नळात येऊ नये म्हणून. ते बरोबरच आहे. पण याचा अर्थ त्या पाइपाखाली 45 ते 50 लिटर पाणी कायम अडकून राहतं आणि गाळ तिथेच साठतो. ते काढायला अगदी तळाशी वेगळं तोंड हवं, त्याला व्हॉल्व्ह हवा आणि समोर हात जाईल एवढी जागा हवी. आमच्या गल्लीत टाकी बसवणाऱ्या माणसाने ते तोंड टोपी लावून बंद केलं आणि कठड्याला चिकटवून टाकलं. पान्हा फिरायलाही जागा नाही. टाकी धुण्याचा सगळा त्रास या एका गोष्टीतून सुरू होतो, आणि त्या माणसाचा दोन मिनिटांचा वेळ तेवढा वाचलेला असतो.

तोंड नसेल तर तळाचं पाणी मगाने बादलीत काढून चिंध्यांनी टिपावं लागतं. नुसती पाइपाची धार मारून 'टाकी धुतली' म्हणणाऱ्यांनी गाळ ढवळून परत तिथेच बसवलेला असतो. भिंत आणि तळ नायलॉनच्या ब्रशने घासा. तारेचा ब्रश नको. त्याने प्लास्टिकवर ओरखडे पडतात आणि पुढचा थर त्याच ओरखड्यांना धरतो. साबणही नको, तो धुऊन निघायला पाणीच जास्त जातं. मग 10 लिटर पाण्यात 8 ग्रॅम, म्हणजे चहाचे साधारण दोन चमचे ताजी टीसीएल कालवा, चुना खाली बसू द्या, आणि वरचं निवळ पाणी फडक्याने सगळीकडे लावा. अर्धा तास ओलं ठेवून धुऊन टाका. पाकीट उघडं राहून पावडरचा झणका गेला असेल तर ती वापरून उपयोग नाही, तिच्यातलं क्लोरिन उडून गेलेलं असतं.

क्षार काढायला काही जण ॲसिड आणतात, आणि त्याच दिवशी, त्याच टाकीत टीसीएल टाकतात. याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. दोन्ही एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. तो हवेहून जड असतो, टाकीच्या तळाशी साचतो, आणि तिथेच माणूस वाकून घासत असतो. क्षार नुसत्या घासण्याने निघेल तेवढा काढावा, उरलेला राहू द्यावा. भिंतीला धरलेल्या पांढऱ्या थराने कोणी आजारी पडत नाही.

किती वेळा धुवायची? दिवाळीला एकदा, असं ऐकून ऐकून मी कंटाळलो आहे. दिवाळीनंतर धुणं योग्यच आहे, कारण पावसाळ्यातला गढूळपणा तोवर तळाला बसलेला असतो. पण मेअखेरीस, पावसाच्या आधी, दुसऱ्यांदा धुवायला हवी. तेव्हा पाणी कमी येतं आणि टाकी तळाला जाते, म्हणजे ती रिकामी करायला पाणी फेकावं लागत नाही. पाणी गढूळ येणाऱ्या घरांनी तीन महिन्यांनी धुवावी. महिन्यातून एकदा टॉर्च लावून आत बघणं मात्र सगळ्यांना जमतं. तळ स्पष्ट दिसला तर झाकण लावून खाली या.

झाकणच नसेल तर हे वेळापत्रक कुचकामी ठरतं. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात, आणि पाणी पुन्हा वर चढलं की उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणून आरोग्यसेवक आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतो. हजार लिटरची टाकी दर आठवड्याला कोण कोरडी करणार? त्याने वहीत आमच्या गल्लीतल्या टाक्यांपुढे 'झाकण नाही' असं लिहून नेलं आहे. त्यातले निम्मे घरमालक म्हणतात भाडेकरूने आणावं, आणि भाडेकरू म्हणतात टाकी मालकाची आहे.