साडेचार माणसांचं तिकीट

पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या प्रत्येक कुटुंबात एक नाना असतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, आणि टॅक्सी ही आळशी माणसांची सोय आहे यावर ठाम. म्युनिकच्या विमानतळावरून हॉटेलवर लोकलनेच जायचं, हे त्यांनी पुण्यातच ठरवलेलं असतं. झोनचा नकाशा लॅमिनेट करून गळ्यात अडकवलेला असतो.

तिकिटाच्या मशीनसमोर चिरंजीव म्हणतात, "नाना, एम झोनचं काढू. हॉटेल शहरातच आहे, आणि स्वस्तही पडेल."

"अरे, शहर एममध्ये, पण आपण उभे आहोत पाचात! मधले झोन काय उडून जाणार? एम ते पाच, सलग हवं."

हे बरोबरच असतं. नानांचं चुकत नाही, फक्त वेळ लागतो. दिवसभराचं ग्रुप तिकीट पाच मोठ्या माणसांना चालतं. सहा ते चौदा वर्षांची दोन मुलं मिळून एक मोठा माणूस धरतात, सहाच्या आतलं पोर फुकट. नाना बोटांवर मोजतात. "आपण चौघं, चिमी अर्धी, बंड्या शून्य. साडेचार. म्हणजे अर्धा माणूस वाया!"

"मग मागच्या त्या मुलाला घ्या की आपल्यात," माई म्हणतात. मागचा मुलगा सहा फुटी असतो आणि आपली पाळी कधी येते याची वाट बघत असतो.

"अर्ध्यात मावायचा नाही तो."

सहा जणांत कागद एकच, म्हणून तो कोणाकडे ठेवायचा यावर चर्चा होते. तो नानांच्याच खिशात जातो आणि लगेच बाहेर येतो, कारण त्यावर वेळेचा शिक्का नसतो. फलाटाच्या वाटेवरच्या निळ्या पेटीत कागद सारला की टक् असा आवाज येतो. हा शिक्का राहिला, तर तिकीट असूनही दंड साठ युरो. नाना शिक्का चष्मा काढून वाचतात, मग चष्मा लावून वाचतात.

फलाटावर नवा वाद. नाना म्हणतात एस-आठ, चिरंजीव म्हणतात एस-एक. दोन्ही गाड्या मुख्य स्टेशनला जातात, एक शहराच्या पूर्वेकडून आणि दुसरी पश्चिमेकडून. हॉटेल स्टेशनसमोरच. म्हणजे जी आधी येईल ती आपली. हा निष्कर्ष निघेपर्यंत दोन्ही सुटलेल्या असतात.

तिसऱ्या गाडीत सगळे बसतात आणि नाना अस्वस्थ होतात. वाटेत फाटक नव्हतं, दारात कोणी तिकीट विचारलं नाही. एवढी मेहनत बघणारा कोणीच नाही! अखेर साध्या कपड्यातला एक माणूस ओळखपत्र दाखवतो. बाकीचे प्रवासी कंटाळून खिसे चाचपतात. नाना उभे राहून तिकीट दोन्ही हातांनी पुढे करतात आणि इंग्रजीत साडेचार माणसांचा हिशेब सुरू करतात. तपासनीस "डांके" म्हणून पुढे सरकतो.

"नीट बघितलंच नाही त्याने," नाना म्हणतात. "थांब, त्याला शिक्का दाखवून येतो."