कृपया स्पष्ट फोटो टाका

चित्रगुप्तसुद्धा शिक्षा सुनावण्याआधी पाप कोणतं ते वाचून दाखवतो म्हणे. घरोघरी जेवण पोचवणाऱ्या अ‍ॅपला तेवढी सवड नसते. लायसन्सवर ट्यूबलाइट चमकली, आरसीचा कोपरा कापला गेला, विमा संपला, किंवा यातलं काहीच झालं नाही, तरी उत्तर एकच: ‘कागदपत्र नामंजूर. कृपया स्पष्ट फोटो टाका.’

आमचा भाचा पुण्यात नोकरी शोधून दमला आणि स्कूटर घेऊन या वाटेला लागला. आज्ञाधारक मुलगा. फोटो स्पष्ट पाहिजे म्हणजे पाहिजेच, म्हणून कामाला लागला. लायसन्सचं कार्ड प्लास्टिकचं आणि गुळगुळीत. फ्लॅश मारला की नेमका नंबरावर पांढरा डाग. फ्लॅश बंद केला तर डोक्यावरच्या ट्यूबची पट्टी नावावर आडवी. शेवटी कार्ड दिवसाउजेडी खिडकीजवळ गडद चादरीवर ठेवलं, फोन बरोबर वरून सरळ धरला, चारही कोपरे चौकटीत घेतले. फोटो झकास आला. मग हौस आली. स्कॅनरच्या अ‍ॅपमधून तो आणखी ‘सुधारला’, अक्षरं काळी कुळकुळीत, पार्श्वभूमी पांढरीशुभ्र. मूळ कागद नाही, झेरॉक्स आहे असं समजून तो फोटो परत पाठवला गेला. व्हॉट्सअ‍ॅपवरून न फिरवता मूळ रंगीत फोटो थेट टाकला, तेव्हा कुठे लायसन्स पास झालं. त्याच्या मित्राचं तेही झालं नाही, कारण त्याने मुदत संपण्याच्या चौकटीत लायसन्स दिल्याची तारीख लिहिली होती. कार्डावर दोन्ही तारखा जवळजवळ असतात. त्याचं लायसन्स ज्या दिवशी जन्मलं त्याच दिवशी वारलं. त्यालाही उत्तर तेच: स्पष्ट फोटो टाका.

खरी मजा विम्यात झाली. स्कूटर 2023च्या जूनमधली. नवीन दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम 5 वर्षांचा घ्यायचा, हा नियम 1 सप्टेंबर 2018 पासून आहे. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज, सहसा 1 वर्षाचाच घेतला जातो. म्हणून पॉलिसीच्या एकाच कागदावर दोन मुदती दिसतात. भाच्याच्या कागदावर ओन डॅमेज जून 2024 पर्यंत आणि त्याच्याखाली थर्ड पार्टी जून 2028 पर्यंत. रस्त्यावर गाडी चालवायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 प्रमाणे थर्ड पार्टी पुरेसा. पण तपासणाऱ्याची नजर, मग तो माणूस असो की यंत्र, वरच्या तारखेवर थांबली आणि विमा संपला असा निकाल लागला. भाच्याला अर्थात निकाल कळवला नाहीच. कळवलं ते फोटोबद्दल.

मग त्याने पॉलिसीचा छापील कागद इस्त्रीखाली सरळ केला आणि पुन्हा फोटो काढला. नामंजूर. विमा कंपनीची मूळ पीडीएफच टाकली. नामंजूर.

‘‘मामा, कंपनीनेच पाठवलेली फाइल आहे. याहून स्पष्ट काय देऊ, विमा कंपनीचा मॅनेजर आणून उभा करू?’’

मदतकेंद्रातल्या ताईंनी शांतपणे सांगितलं, ‘‘सर, फोटो स्पष्ट टाका.’’ शेवटी नाक्यावरच्या एका अनुभवी पोराने खरं औषध सांगितलं: ‘‘ओन डॅमेज भरून टाक. त्यांना नवी तारीख दिसली की बास.’’ भाच्याने भरला. दुसऱ्या दिवशी विमा मंजूर. कायद्याने जो विमा सक्तीचा केला नाही, तो एका नजरचुकीने केला. पैसे गेले ते अर्थात ज्याला अजून पहिली ऑर्डर मिळायची होती त्याचे.

म्हणून या वाटेला निघालेल्यांना सांगतो. नामंजुरी आली की आधी आपलाच फोटो फोनवर मोठा करून बघा. गाडीचा नंबर आणि सगळ्यात बारीक ओळ तुम्हाला सहज वाचता येत असेल, तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका, तारखा तपासा. विम्याच्या चौकटीत थर्ड पार्टीच्या ओळीतली तारीख लिहा, दोन्ही मुदती दिसतील असं पूर्ण पान टाका, आणि तरीही परत आलं तर ‘थर्ड पार्टी अमुक तारखेपर्यंत चालू आहे’ अशी लेखी तक्रार करा. नवा विमा त्यानंतर, आणि तोही तुम्हाला हवा असेल तरच.

कंपनीकडे मागणी एवढीच: नामंजूर केलेल्या कागदाखाली कोणती ओळ खटकली ते लिहा. तुमच्या तपासनिसाला ती दिसलेली असते.