एक ते चार

आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरणारी पुण्यातली एक पतपेढी सकाळी नऊ ते एक आणि दुपारी चार ते सात अशी चालते. मधले तीन तास शटर अर्धं खाली असतं. आत काय चालतं, हे पुण्यात कुणी कुणाला विचारत नाही.

चार वाजून एक मिनिटाने माझा फोन वाजायचा.

"अहो, तुमचं सॉफ्टवेअर अजून उठलं नाही वाटतं," कॅशियर मॅडम म्हणायच्या. आवाजात राग नसायचा, जरा सहानुभूतीच असायची. झोपमोडीचं दुःख त्यांना कळत होतं.

"मॅडम, पुन्हा एकदा करून बघा ना."

पुन्हा एकदा केलं की चालायचं. हे वाक्य आमच्या धंद्यात तोंडात मारल्यासारखं वापरतात, पण इथे ते अक्षरशः खरं होतं. पहिलं क्लिक बरोब्बर ३० सेकंद गरगरून लाल अक्षरांत मरायचं. दुसरं वीसेक सेकंद घ्यायचं आणि पोहोचायचं. तिसऱ्यापासून सगळं लख्ख. सकाळी नऊलाही हाच प्रकार. महिनाभर मी हे 'इंटरनेट स्लो आहे' या सदरात टाकलं. ते सदर फार प्रशस्त आहे.

शेवटी लॉग उघडला, तर प्रत्येक खोळंब्याच्या खाली एकच ओळ पुन्हापुन्हा छापलेली:

```
Failed to validate connection ... (This connection has been closed.).
Possibly consider using a shorter maxLifetime value.
```

म्हणजे लॉग मला औषधाचं नाव सांगत होता. पण स्वतःच्या घरच्या माणसाचा सल्ला कोण ऐकतं? मी संशय घेतला तो नेटवर्कवाल्यांवर. अ‍ॅप्लिकेशनचा सर्व्हर एकीकडे, पोस्टग्रेसचा डेटाबेस आतल्या जाळ्यात आणि मध्ये फायरवॉल. ती सांभाळणारे गृहस्थ फोनवर म्हणाले, "आमच्याकडून काही ब्लॉक नाही." हे वाक्य त्यांच्या सदरातलं.

मग एका दुपारी मी पेढीच्या वामकुक्षीत प्रयोग मांडला. अ‍ॅप्लिकेशनच्या सर्व्हरवरून डेटाबेसला साधा `psql` जोडला, `select 1` चालवलं आणि हात बांधून बसलो. पन्नास मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं, लगेच उत्तर आलं. मग सत्तर मिनिटं थांबलो. इतका वेळ काहीही न करणं हे पगारी माणसाला दिसतं तितकं सोपं नसतं. सत्तर मिनिटांनी विचारलं, तर शांतता. दोन्ही सर्व्हरवर पाळत लावली होती:

```
tcpdump -ni any port 5432
```

इकडून पाकीट निघत होतं, पोच येत नाही म्हणून तेच पुन्हापुन्हा निघत होतं. तिकडे काहीच पोहोचत नव्हतं. आणि गंमत म्हणजे डेटाबेसच्या `pg_stat_activity` मध्ये माझी जोडणी `idle` म्हणून सुखाने बसलेली! दोन्ही टोकांना वाटतंय संबंध चांगले आहेत, फक्त मध्यस्थ विसरलाय.

याला बँकेतला दाखला आहे. खात्यावर दोन वर्षं व्यवहार झाला नाही की बँक ते निष्क्रिय करते. पासबुक तुमच्या कपाटात, शिल्लक त्यात छापलेली, तुम्ही निर्धास्त. फायरवॉलही चालू जोडण्यांची अशी वही ठेवते. वहीची पानं मोजकी, म्हणून बराच वेळ न बोलणाऱ्यांची नावं ती खोडते. आमच्याकडे मुदत दोन वर्षांची नव्हती, एका तासाची होती. नाव खोडल्याचं ती कुणालाही कळवत नाही. नंतर आलेलं पाकीट वहीत सापडत नाही आणि नव्या ओळखीचा नमस्कारही करत नाही, म्हणून ती ते मुकाट्याने टाकून देते. नकार दिला असता तर माझ्या प्रोग्रॅमला क्षणात कळलं असतं. मौनाने घात केला.

नेटवर्कवाल्या गृहस्थांना मी विजयी मुद्रेने हे ऐकवलं. ते म्हणाले, "एक तास पुरेसा आहे की. तुमच्या पूलची सेटिंग्ज काय आहेत?"

प्रश्न रास्त होता, म्हणूनच झोंबला. जोडणी दर वेळी नव्याने करायला वेळ लागतो, म्हणून दहा जोडण्यांचा साठा तयार ठेवायचा, तो हा पूल. आमचा हिकारी जातीचा. त्याची फाईल उघडली:

```
maximumPoolSize=10
idleTimeout=600000
maxLifetime=0
```

तिसरी ओळ माझी. हिकारी मुळात प्रत्येक जोडणी ३० मिनिटांनी निवृत्त करून नवी आणतो. धडधाकट जोडणी उगाच का तोडायची, या काटकसरी बुद्धीने मी तिथे शून्य लिहिलं होतं. शून्य म्हणजे आमरण नोकरी. दुसऱ्या ओळीच्या भरवशावर मी होतो, की दहा मिनिटं रिकामी बसलेली जोडणी आपोआप जाईल. पण `minimumIdle` लिहिलं नसेल तर तो आकडाही दहाच धरला जातो. किमानही दहा आणि कमालही दहा, मग घरी पाठवणार कुणाला? ती ओळ नुसती शोभेची होती.

आता ३० सेकंदांचा हिशोब जुळला. हिकारी जोडणी हातात देण्याआधी तिची नाडी बघतो आणि त्यासाठी ५ सेकंद थांबतो. चार वाजता दहाही जोडण्या गतप्राण. पहिल्या क्लिकला सहा प्रेतं तपासण्यात ३० सेकंदांची मुदत संपायची. उरलेली चार दुसऱ्या क्लिकला, म्हणजे वीस सेकंद. मॅडमना 'पुन्हा करून बघा' म्हणताना मी त्यांच्याकडून अंत्यसंस्कार उरकून घेत होतो.

यावर मी आधी चुकीचा उपाय केला. ड्रायव्हरला `tcpKeepAlive=true` लावलं आणि चहा प्यायला गेलो. सकाळचा खोळंबा गेला, चारचा गेला. मी घरी पेढे नेले. पुढच्या आठवड्यात एका मुसळधार संध्याकाळी साडेचार ते सहा पेढीत कुणी फिरकलं नाही, आणि सहा वाजता फोन: "अहो, आज अवेळी झोपलंय."

लिनक्स पहिली हाक मारतो तीच मुळात दोन तासांनी, ७२०० सेकंदांनी. मग दर ७५ सेकंदांनी, अशा नऊ हाका निरुत्तर राहिल्या की जोडणी मेली असं जाहीर करतो. तीन तासांच्या वामकुक्षीत हे सगळं उरकायचं आणि सॉकेटला मृत्यूची बातमी आधीच मिळायची, त्यामुळे तपासणी लगेच व्हायची. पण दीड तासाच्या शांततेत फायरवॉल विसरलेली आणि लिनक्सची पहिली हाक अजून बाकी. रोजचा बिघाड मी पावसाळी करून ठेवला होता. रोजचा निदान पकडता तरी येतो.

शेवटी मुकाट्याने या दोन ओळी लिहिल्या:

```
maxLifetime=1800000
keepaliveTime=300000
```

अर्ध्या तासाने निवृत्ती, आणि रिकाम्या बसलेल्या प्रत्येक जोडणीला दर पाच मिनिटांनी 'आहेस ना?' अशी विचारणा. तासाच्या मुदतीपुढे दोन्ही आकडे आरामात बसतात. फायरवॉलला हातही लावावा लागला नाही, हे त्या गृहस्थांना सांगायचं मी टाळलं.

फोन थांबले. पंधरा दिवसांनी एक आला, पण नेटवर्कवाल्यांचा. "अहो, एक ते चार पेढी बंद असते ना? मग दर पाच मिनिटांनी तिथून डेटाबेसशी कोण बोलतं? आमच्या लॉगमध्ये संशयास्पद वाटतंय."

"आमच्याकडून काही नाही," मी म्हणालो.